जर्मन शिष्यवृत्तीच्या पत्राचं फोटोवरून भाषांतर आणि स्वीकृतीचं उत्तर: तपासून द्याल का?

नौपाड्याची_मावशी | ३ जुलै, सकाळी ११:२०

भाची जर्मनीत एम.एस. करते. शिकवणं इंग्रजीत, त्यामुळे तिचं जर्मन दुकानापुरतंच. सध्या सुट्टीत ठाण्यात आहे. तिच्या विद्यापीठाचं पत्र तिथल्या वसतिगृहावर आलं, मैत्रिणीने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. डॉइचलांडस्टिपेंडियम मंजूर झालं आहे. उत्तर १५ जुलैपर्यंत द्यायचंय. फोनवर फोटो धरून केलेलं भाषांतर मी कलमवार लिहून काढलंय:

१. दरमहा ३०० युरो, १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर.
२. गुणवत्तेवर मिळणारी दुसरी मदत असेल तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. मदत सत्रागणिक दरमहा सरासरी ३००० युरोपेक्षा कमी असेल तर हे लागू नाही.
३. शिक्षणातून रजा घेतल्यास पैसे थांबतील.
४. बदल झाल्यास ताबडतोब कळवणे, नाहीतर रद्द आणि परतफेड.
५. देणगीदाराला नाव कळवण्यास संमती (चौकोन).
६. सही केलेला फॉर्म, नोंदणीचा दाखला, आयबॅन.
७. शेवटी कायदेशीर उपायांबद्दल काहीतरी, 'एका महिन्याच्या आत'.

तिला इथल्या एका ज्ञातीच्या ट्रस्टकडून जूनमध्ये ३०,००० रुपये मंजूर झालेत. ३००० युरोच्या मानाने ते किरकोळच, म्हणून 'दुसरी मदत नाही' असं लिहायचं ठरवलंय. शिवाय जानेवारीत पुण्यात इंटर्नशिप करायचा विचार आहे, म्हणून उत्तरात लिहिलंय: 'इंटर्नशिपच्या काळातही पैसे चालू राहतील या अटीवर मी शिष्यवृत्ती स्वीकारते.' बरोबर आहे का?

---

सुनील_कळवा | ३ जुलै, दुपारी १२:०५

महाडीबीटीवर अर्ज मंजूर झाला की वेगळं उत्तर लिहायला लागत नाही. आधार बँकेला जोडलेलं आहे का तेवढं बघा. माझ्या मुलाचा दुसरा हप्ता त्यामुळेच अडकला होता. कॉलेजच्या लॉगिनवर 'स्क्रूटिनी' पूर्ण झालीय का विचारा.

---

नौपाड्याची_मावशी | ३ जुलै, दुपारी १२:१८

सुनीलजी, ही महाडीबीटीची नाही हो, जर्मनीची आहे. आधारचा इथे संबंध नाही.

---

श्रुती_वाशी | ३ जुलै, दुपारी १:४०

मावशी, उत्तर पाठवायच्या आधी थांबा. कलम २ मधला ३००० चा आकडा चुकलाय, माझी जवळपास खात्री आहे. ही शिष्यवृत्ती २०१० च्या कायद्याने चालते आणि तिथे मर्यादा दरमहा सरासरी ३० युरोची आहे. जर्मन लिखाणात पैशांपुढे दशांशाला स्वल्पविराम असतो, म्हणून तीस युरो '30,00' असे छापतात. फोटोत स्वल्पविराम पुसट आला की फोन ते ३००० वाचतो. कलम १ मध्येही '300,00' असणार, पण तिथे ३० हजार झाले असते तर तुम्हालाच शंका आली असती. ३००० पचून गेले.

याच कलमात दुसरं एक: देणारी संस्था जर्मनीतली असो की परदेशातली, कायदा दोन्ही धरतो. म्हणजे ठाण्याचा ट्रस्ट भारतातला म्हणून सुटत नाही. 'दुसरी मदत नाही' असं मुळीच लिहू नका. दुहेरी मदत नंतर उघड झाली तर मंजुरी मागच्या तारखेपासून रद्द करता येते. म्हणजे पुढचे हप्ते थांबतीलच, शिवाय मिळालेले परत द्यावे लागतील.

फोटो पुन्हा मागवा. मैत्रिणीला सांगा:
- पान खिडकीजवळ टेबलावर सपाट, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. घडीवर सावली पडली की तिथली ओळ जाते आणि जर्मन वाक्यात 'नाही' बऱ्याचदा शेवटाकडे असतो.
- प्रत्येक पान वेगळं आणि मागची बाजूसुद्धा. तळाशी 'सायटे १ फॉन ३' असं काही असेल, म्हणजे तीनातलं पहिलं पान. तुमच्याकडे किती पानं आली ते त्याच्याशी जुळवा.
- व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो दाबला जातो आणि स्वल्पविराम, टिंबं आधी जातात.

फोटो आले की आधी जर्मन मजकूर जसाच्या तसा टाइप करून घ्या. आकडे आणि तारखा फोटोशी ताडून बघा आणि मग भाषांतर करा. थेट फोटोवरून भाषांतर केलं की चूक वाचण्यात झाली की भाषांतरात, तेच कळत नाही. आणि इथे टाकायच्या आधी जन्मतारीख आणि मॅट्रिकेल क्रमांक, म्हणजे विद्यार्थी-नोंदणी क्रमांक, झाका.

---

चरईचे_नाना | ३ जुलै, दुपारी ३:१०

श्रुतीताईंचं बरोबर आहे. मी एवढंच सांगेन की सरकारी पत्राला उत्तर कागदावर, शाईच्या सहीने आणि स्पीड पोस्टानेच जायला हवं. ठाणे हेड पोस्टात जाऊन आजच टाका, पावती जपा. १५ तारखेच्या आतला शिक्का असला की काम झालं. मेलला कोणी विचारत नाही.

---

श्रुती_वाशी | ३ जुलै, दुपारी ३:३५

नाना, इथे शिक्क्याची तारीख बहुधा कामाची नाही. अशा पत्रात 'अमुक तारखेपर्यंत पोचलेलं' असं लिहिलेलं असतं. टपालात पडल्याची तारीख धरायची असेल तर तसं वेगळं म्हणतात. उत्तर मेलने चालतं की मूळ कागदच हवा, हेसुद्धा पत्रच सांगेल. 'इम ओरिगिनाल' असं असेल तर कागद पाठवायचा. 'पेअर ई-मेल' असेल तर सही केलेला फॉर्म स्कॅन करून. मावशी, नव्या फोटोत ती ओळ शोधा.

---

ॲड_पाचपाखाडी | ३ जुलै, सायंकाळी ६:५०

'या अटीवर स्वीकारते' हे वाक्य फार धोक्याचं आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७ सांगतं की स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. अट घातलीत तर ती स्वीकृती राहत नाही, तो तुमचा नवा प्रस्ताव होतो. जर्मन दिवाणी संहितेतही कलम १५० मध्ये हेच आहे: फेरफारासह दिलेला होकार म्हणजे नकार आणि नवा प्रस्ताव. विद्यापीठाने त्यावर गप्प राहायचं ठरवलं तर करारच झाला नाही.

---

श्रुती_वाशी | ३ जुलै, सायंकाळी ७:२५

वकीलसाहेब, सल्ला अगदी योग्य, पण कारण थोडं वेगळं. सार्वजनिक विद्यापीठाने दिलेलं हे मंजुरीपत्र म्हणजे प्रशासकीय आदेश असतो, जर्मनीत त्याला 'बेशाइड' म्हणतात. दोन पक्षांचा करार नव्हे. म्हणून कराराची कलमं जशीच्या तशी लागत नाहीत. पण व्यवहारात निकाल तोच: अटी कायद्याने ठरलेल्या आहेत, कार्यालयातल्या बाईंना त्या बदलायचा अधिकार नाही. सशर्त उत्तर आलं तर त्या 'स्वीकृती आली' अशी खूण करू शकणार नाहीत आणि यादीतल्या पुढच्याला जागा जायची भीती राहते.

हा आदेश आहे याची खूणही पत्रातच आहे. मावशींचं कलम ७. 'कायदेशीर उपाय, एका महिन्याच्या आत' ही धमकी नाही. हा आदेश मान्य नसेल तर कुठे आणि किती दिवसांत दाद मागायची, ती ठरावीक सूचना आहे, अशा आदेशांखाली छापतातच. गोंधळ इथे होतो की लोक तो महिना उत्तराची मुदत समजतात. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या मुदती आहेत: होकार कळवायला १५ जुलै आणि हरकत घ्यायला एक महिना. तुमचा संबंध फक्त पहिलीशी.

---

ॲड_पाचपाखाडी | ३ जुलै, रात्री ८:०२

मान्य. आदेश असेल तर मग मी कराराचा मुद्दा मागे घेतो. 'अटीवर' हा शब्द मात्र काढाच.

---

ऋग्वेद_ऐरोली | ३ जुलै, रात्री ९:३०

इंटर्नशिपबद्दल. 'इंटर्नशिप' म्हणजे आपोआप 'रजा' नव्हे, तिथे मुलं गोंधळतात. ती अभ्यासक्रमाचाच सक्तीचा भाग असेल आणि त्या सत्रात नाव नोंदलेलं राहणार असेल, तर कलम ३ लागत नाही. परदेशात, म्हणजे इथे पुण्यात केली तरी, ती शिक्षणाचा भाग असेल तर पैसे चालू राहतात. पण हौसेने करायची म्हणून विद्यापीठाकडून रजेचं सत्र घेतलं, तर त्या काळात पैसे नाहीत. परत रुजू झाल्यावर कळवलं की मंजुरीचा कालावधी त्याप्रमाणे पुढे जुळवतात, म्हणजे पैसे बुडतातच असं नाही. अभ्यासक्रमाच्या नियमावलीत इंटर्नशिपला क्रेडिट आहेत का, ते भाचीला बघायला सांगा.

आणखी एक: महिन्याला ठरावीक रकमेवर नोकरी केली तर ही शिष्यवृत्ती जाते, असं ऐकलंय. ती तिथे विद्यार्थी-सहायक म्हणून काम करते का?

---

श्रुती_वाशी | ३ जुलै, रात्री ९:५५

ऋग्वेद, पहिलं सगळं बरोबर. नोकरीचं मात्र नाही. ही शिष्यवृत्ती उत्पन्नावर अवलंबून नाही. पगार म्हणजे गुणवत्तेची मदत नव्हे, त्यामुळे ३० युरोच्या हिशेबात तो येत नाही. विद्यार्थी-सहायकाचा पगार लिहायची गरज नाही.

---

नौपाड्याची_मावशी | ५ जुलै, सकाळी १०:१५

नवे फोटो आले. पानं तीन होती, आमच्याकडे दोनच आली होती! दुसऱ्या पानाच्या मागे छापलेलं तिसरं. आणि हो, '30,00' च आहे. स्वल्पविराम अगदी घडीवर होता.

तिसऱ्या पानावर फॉर्म आहे. त्यात दोन चौकोन: 'दुसरी मदत मिळत नाही' आणि 'पुढील मदत मिळते: संस्था, रक्कम, कालावधी'. पाठवण्याबद्दल लिहिलंय: सही करून एकाच पीडीएफमध्ये ई-मेलने, १५.०७. पर्यंत पोचलेलं.

आता ट्रस्टच्या ३०,००० चं काय? त्यांच्या पत्रात फक्त 'गुणवंत विद्यार्थ्यांस एकरकमी मदत' एवढंच आहे. शिष्यवृत्ती सोडायची की ट्रस्टचे पैसे परत करायचे?

---

श्रुती_वाशी | ५ जुलै, सकाळी ११:३०

दोन्ही नको, आधी हिशेब करू. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरते. ३०,००० म्हणजे ३०० युरो.

कायदा बघतो ती मदत ज्या सत्रांसाठी मंजूर झाली त्यांची मासिक सरासरी. सत्र सहा महिन्यांचं. ट्रस्टने पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी दिले असतील तर ३०० भागिले १२, म्हणजे दरमहा २५ युरो. ३० च्या खाली, अडचण नाही. तेच पैसे एका सत्रासाठी दिले असतील तर ३०० भागिले ६, म्हणजे ५० युरो. ३० च्या वर, शिष्यवृत्ती जाते. रक्कम तीच, फक्त कालावधीवर निकाल बदलतो. आणि तुमच्या ट्रस्टच्या पत्रात नेमका कालावधीच नाही.

युरोचा भाव थोडा हलला तरी फरक पडत नाही. वर्षाचा हिशेब धरला तर युरो ८३ रुपये ३३ पैशांच्या खाली गेला तरच सरासरी ३० ला पोचेल.

म्हणून ट्रस्टच्या चिटणीसांना भेटा. त्यांची योजना वार्षिक आहे का, ठरावात काय आहे, ते बघायला सांगा. वार्षिक असेल तर लेटरहेडवर तसं पत्र घ्या: कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी, किती महिन्यांसाठी, एकदाच की पुन्हा मिळणार. नसेल तर सोयीसाठी १२ महिने लिहवून घेऊ नका. ते पत्र विद्यापीठाच्या फायलीत जाणार आहे.

---

चरईचे_नाना | ५ जुलै, दुपारी १२:१०

जूनमध्ये दिलेत ना? मग ते मागच्या वर्षाचे धरले तर? ऑक्टोबरच्या आधीचे पैसे ऑक्टोबरच्या शिष्यवृत्तीला कसे अडवतील?

---

श्रुती_वाशी | ५ जुलै, दुपारी १२:२५

प्रश्न चांगला आहे नाना. पैसे कधी हातात आले ते नव्हे, कोणत्या सत्रासाठी मंजूर झाले ते महत्त्वाचं. खरंच मागच्या वर्षासाठी असतील तर ऑक्टोबरशी संबंध येणार नाही. पण तेही ट्रस्टच्या पत्रात असायला हवं.

---

ॲड_पाचपाखाडी | ५ जुलै, दुपारी १:००

ट्रस्ट बहुधा गुण आणि घरचं उत्पन्न दोन्ही बघतो. मग ती 'गुणवत्तेची' मदत म्हणायची की 'गरजेची'? निव्वळ गरजेची असेल तर कलम २ लागूच होणार नाही.

---

श्रुती_वाशी | ५ जुलै, दुपारी १:२०

हे मी इथे बसून ठरवणार नाही, मिश्र निकषाचं काय करायचं ते विद्यापीठच ठरवेल. म्हणून मोघम 'नाही' लिहिण्यापेक्षा दुसरा चौकोन भरून रक्कम आणि कालावधी उघड लिहा, निर्णय त्यांच्यावर सोडा. सांगितलेली मदत चालली नाही तर ते आताच कळवतील, न सांगितलेली पुढच्या वर्षी परतफेड मागेल.

---

नौपाड्याची_मावशी | ७ जुलै, सायंकाळी ५:४०

चिटणीस भेटले. योजना वार्षिक आहे, या जूनपासून पुढच्या मेपर्यंतच्या वर्षासाठी, एकदाच. पत्र दिलं. आता उत्तराचा मसुदा मराठीत टाकते, भाची तुमच्याकडून जर्मन करून घेईल म्हणतेय.

---

श्रुती_वाशी | ७ जुलै, सायंकाळी ६:३०

मीच मसुदा देते, त्यात आणखी काही घालायचं नाही:

> विषय: शिष्यवृत्तीची स्वीकृती, आपला संदर्भ क्र. …, मॅट्रिकेल क्र. …
>
> मान्यवर,
>
> आपल्या दि. … च्या पत्राने मंजूर झालेली डॉइचलांडस्टिपेंडियम शिष्यवृत्ती मी स्वीकारते. कालावधी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, दरमहा ३०० युरो.
>
> पत्रातील अटी मी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत.
>
> दुसऱ्या मदतीबाबत: भारतातील एका ट्रस्टकडून मला ३०,००० रुपये एकदाच मंजूर झाले आहेत, जून ते मे या १२ महिन्यांसाठी. ट्रस्टचे पत्र व त्याचे इंग्रजी भाषांतर जोडले आहे.
>
> सोबत: भरलेला व सही केलेला फॉर्म, हिवाळी सत्राचा नोंदणी दाखला, ट्रस्टचे पत्र.
>
> हे उत्तर व जोडलेली कागदपत्रे मिळाल्याचे कृपया कळवावे.
>
> आपली,
> (नाव)

इंटर्नशिपचा प्रश्न यात नाही, तो मुद्दाम काढलाय. पोच आल्यावर वेगळ्या मेलने विचारा. एकाच मेलमध्ये होकार आणि प्रश्न दोन्ही गेले की कार्यालय प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत होकार बाजूला ठेवतं.

ट्रस्टचा काळ जून ते मे आहे आणि जर्मन सत्र ऑक्टोबर ते मार्च, मग एप्रिल ते सप्टेंबर. जुळत नाहीत. १२ महिन्यांवर वाटले तर सरासरी २५ च राहते. पण कोणी फक्त ऑक्टोबर ते मार्च एवढंच सत्र धरून सगळे पैसे त्यावर टाकले तर ५० होतात. म्हणून 'जून ते मे, १२ महिने' हे शब्द गाळू नका.

देणगीदाराला नाव कळवण्याचा चौकोन ऐच्छिक आहे. खूण केली नाही म्हणून शिष्यवृत्ती जात नाही. या पैशाच्या बदल्यात देणगीदाराकडे काम करायचं किंवा नोकरीचं वचन द्यायचं, अशी अट कायद्याने घालताच येत नाही.

---

ऋग्वेद_ऐरोली | ७ जुलै, सायंकाळी ७:१५

आयबॅनबद्दल. तिथल्या चालू खात्याचा द्या, २२ अक्षरी असतो, 'DE' ने सुरू होणारा. व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक्ड अकाउंटचा नको, तिथे बाहेरून आलेली रक्कम अडकते. भारतातल्या खात्याला आयबॅनच नसतो. खात्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा, आपल्याकडे मधलं नाव कुठे असतं कुठे नसतं.

नोंदणी दाखल्यावरचं सत्र बघा. जुलैत तिच्या हातात असेल तो चालू उन्हाळी सत्राचा, त्यांना हवाय ऑक्टोबरपासूनचा. तो सत्र-शुल्क भरल्यावरच पोर्टलवर उतरतो.

---

नौपाड्याची_मावशी | ८ जुलै, सकाळी ९:५०

सत्र-शुल्क भरायचं राहिलंय! आज भरलं तरी दाखला कधी येईल कोण जाणे. दाखला नसताना फॉर्म पाठवू का?

---

श्रुती_वाशी | ८ जुलै, सकाळी १०:२०

पाठवा. मुदत होकाराला आहे. 'सोबत' मधली दाखल्याची ओळ काढा आणि त्या जागी लिहा: 'हिवाळी सत्राचा नोंदणी दाखला शुल्क जमा झाल्यावर लगेच पाठवते, शुल्क भरल्याची पावती सोबत आहे.' ही अट होत नाही, तुम्ही फक्त एक कागद मागाहून देताय. दाखल्यासाठी थांबून १५ तारीख घालवणं मात्र परवडणार नाही.

मेल जर्मनीच्या सकाळी पोचेल असा पाठवा. सध्या ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहेत, त्यांचे दहा म्हणजे आपले दीड. जर्मन मसुदा व्यनिने पाठवलाय.

---

नौपाड्याची_मावशी | ९ जुलै, दुपारी २:३०

काल दीड वाजता पाठवलं. फॉर्म गोखले रोडच्या दुकानात स्कॅन केला, तिन्ही पानं एका पीडीएफमध्ये. लगेच उत्तर आलंय, 'आपला मेल मिळाला, कार्यालयीन वेळेत उत्तर देऊ' अशा अर्थाचं. ही पोच धरायची का?

---

श्रुती_वाशी | ९ जुलै, दुपारी २:५०

नाही, ते यंत्राने आपोआप पाठवलेलं उत्तर आहे. जोडपत्रं उघडली की नाही हे त्यातून कळत नाही. १३ तारखेपर्यंत माणसाचं उत्तर आलं नाही तर त्याच मेलला 'रिप्लाय' करून एका ओळीत विचारा आणि पीडीएफ पुन्हा जोडा. ट्रस्टच्या पैशांबद्दल काय म्हणतात ते इथे नक्की टाका, वकीलसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय.